आईची सही चालेल का?

मे १९९५ मध्ये दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली. पाळीचा रक्तस्राव नऊ दिवस थांबत नव्हता. सोनोग्राफी झाली आणि कारण नीट कळावं म्हणून दुर्बिणीतून आत बघायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तिनं संमतिपत्रावर सही केली. त्यावर निदानासाठी आणि उपचारासाठी लॅपरोस्कोपी असं लिहिलं होतं, आणि पोट उघडावं लागू शकतं असंही. पूर्ण भूल दिल्यावर डॉक्टरांना आत जे दिसलं त्यावरून गर्भाशय काढणंच योग्य ठरेल, असं त्यांचं मत झालं. सहायक डॉक्टर थिएटरबाहेर आल्या, तिथं बसलेल्या आईशी बोलल्या आणि तिची सही घेऊन आत गेल्या. मुलगी शुद्धीवर यायच्या आत तिचं गर्भाशय, दोन्ही बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढून झाल्या होत्या.

हे प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेलं, तिथं तक्रार फेटाळली गेली आणि मग ते सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १६ जानेवारी २००८ रोजी निकाल लागला. ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ हे नाव त्यानंतर रुग्णाच्या संमतीवरच्या चर्चेत हटकून येऊ लागलं. वैद्यकीय नीतिमत्तेच्या व्हायवासाठी तर हे प्रकरण जणू घडवूनच दिलेलं आहे. गोष्ट दोन मिनिटांत सांगून होते, डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, आई परकी नव्हती, आणि तरीही काहीतरी चुकलं. ते नेमकं काय, हे बोलून दाखवणं दिसतं तितकं सोपं नाही.

देशातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून ‘एटकॉम’ नावाचा भाग आला. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचं शिक्षण त्यात आहे. त्याआधीही न्यायवैद्यकशास्त्राच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘फॉरेन्सिक’च्या, तोंडी परीक्षेत संमती आणि गोपनीयता यांवर प्रश्न येतच. पण हाडावरून वय ओळखण्याचा प्रश्न आणि ‘आईची सही चालेल का’ हा प्रश्न यांत एक मोठा फरक आहे. पहिल्यात उत्तर आलं की परीक्षक पुढच्या हाडाकडे वळतात. दुसऱ्यात उत्तर आलं की खरी परीक्षा तिथून सुरू होते.

उत्तर बरोबर, तरी गुण नाहीत

समजा, टेबलाच्या पलीकडे दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या एक्स्टर्नल मॅडम बसल्या आहेत, शेजारी कॉलेजचे इंटर्नल सर आहेत. मॅडम वरची हकीकत नावं न घेता सांगतात आणि विचारतात, “सर्जननं केलं ते योग्य होतं?”

बहुतेक मुलं इथं चार तत्त्वं म्हणून दाखवतात. रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, अपाय न करणं आणि न्याय. ही चौकडी टॉम बोशाम आणि जेम्स चिल्ड्रेस या अमेरिकी लेखकांनी १९७९ मध्ये मांडली आणि जगभरच्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत ती रुळली. तत्त्वं खरीच आहेत. अडचण अशी की ती चारही या प्रकरणात हजर आहेत आणि एकमेकांच्या विरोधात उभी आहेत. स्वायत्तता म्हणते थांबा, हित म्हणतं आताच उरकून घ्या, दुसऱ्यांदा भूल कशाला. नुसती यादी म्हणणाऱ्या मुलीनं प्रश्नाचं उत्तर दिलेलंच नसतं. प्रश्न कशाबद्दल आहे, तेवढं फक्त सांगितलेलं असतं.

दुसरी काही मुलं कायद्याच्या आड जातात. “सुप्रीम कोर्टानं हे चुकीचं ठरवलंय, मॅडम.” यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “आणि कोर्टानं उलटा निकाल दिला असता तर?” मग शांतता.

तिसरी सवय सर्वांत जास्त दिसते. “ते परिस्थितीवर अवलंबून आहे.” हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. कोणत्या परिस्थितीवर, आणि ती बदलली तर उत्तर कोणत्या बाजूला जाईल, हे सांगितलं नाही तर परीक्षकाला ते पळवाटीसारखंच ऐकू येतं.

नीतिमत्तेच्या व्हायवातले पुढचे प्रश्न मनात येतील तसे विचारलेले वाटतात. जाणता परीक्षक मात्र सहसा एकाच पद्धतीनं जातो. तो प्रकरणातली एक गोष्ट बदलतो, बाकी सगळं तसंच ठेवतो आणि उत्तर हलतं का ते पाहतो. उत्तर हलायला हवं तिथं हललं नाही, तर मुलानं पाठ केलंय. हलायला नको तिथं हललं, तर त्याची भूमिकाच नाही. त्यामुळे तयारी करायची ती या बदलांची. आपली भूमिका कोणत्या तथ्यांच्या आधारावर उभी आहे, ती तथ्यं आधी आपणच शोधायची.

एका कागदावरची तयारी

ही तयारी प्रत्येक प्रकरणासाठी एका कागदावर मावते. वर आपली भूमिका एका वाक्यात. तिच्याखाली ती ज्यांवर टेकली आहे ती तथ्यं. मग त्यांतलं कोणतं बदललं तर आपण भूमिका बदलू. त्यानंतर विरुद्ध बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा. आणि शेवटी, त्या जागी आपण स्वतः असतो तर काय केलं असतं.

दिल्लीच्या प्रकरणाचा कागद असा भरेल. भूमिका: गर्भाशय काढायला नको होतं, दुर्बिणीची तपासणी पूर्ण करून, रुग्णाला शुद्धीवर आणून, तिला विचारून मग पुढचं ठरवायला हवं होतं.

तथ्यं चार. रुग्ण सज्ञान होती आणि स्वतःचे निर्णय घेऊ शकत होती. ती कायमची बेशुद्ध नव्हती, भुलीखाली होती, म्हणजे काही तासांनी तिला विचारता येणार होतं. त्या क्षणी जिवाला धोका नव्हता. आणि जे केलं ते परत न फिरवता येणारं होतं; शुद्धीवर असती तर तिनं कदाचित आधी औषधोपचार करून बघायचं ठरवलं असतं.

आई या चार तथ्यांत कुठेच नाही, हे कागद भरल्यावरच डोळ्यांत भरतं. आईचं प्रेम किंवा आईची समज यांच्याशी या भूमिकेचं काही देणंघेणं नाही. मुलगी लहान असती किंवा निर्णय घेण्याची क्षमता गमावून बसली असती, तर आईची सही महत्त्वाची ठरली असती. इथं जिची सही हवी होती ती व्यक्ती थोड्या वेळात जागी होणार होती. न्यायालयानंही हेच धरलं: तात्पुरत्या भुलीखाली असलेल्या सज्ञान रुग्णाच्या वतीनं, तातडी नसताना, आईनं दिलेली संमती ही संमती नव्हे.

कागदावरची शेवटची दोन घरं मुलं रिकामी सोडतात, आणि व्हायवा नेमकी तिथंच अडते. विरुद्ध बाजू इथं कमजोर नाही. पुन्हा भूल म्हणजे पुन्हा थोडा धोका, पुन्हा खर्च, पुन्हा रजा, पुन्हा गावाहून येणं. सरकारी रुग्णालयात पुढची तारीख कधी मिळेल ते सांगता येत नाही. “बाई, एवढ्यासाठी पुन्हा फाडलंत?” असं विचारणारी रुग्णही असू शकते. हा मुद्दा स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेली मुलगी तो परीक्षकाच्या तोंडून ऐकताना दचकत नाही.

एक गोष्ट बदलली तर

आता टेबलावर परत. मुलीनं भूमिका सांगितली, कारण सांगितलं. मॅडम पहिली कळ फिरवतात.

“आत रक्तस्राव सुरू झालाय आणि थांबत नाहीये. गर्भाशय काढलं नाही तर बाई टेबलावर जाईल. आता?”

तिसरं तथ्य बदललं. उत्तर हललंच पाहिजे. “मग काढावं लागेल, मॅडम. तिला विचारायला वेळ नाही आणि थांबण्यानं जीव जाईल. पण जीव वाचवायला जेवढं लागेल तेवढंच. बीजांडकोश निरोगी असतील तर त्यांना हात लावणार नाही.” हे शेवटचं वाक्य गुण मिळवून देतं, कारण आणीबाणीत मिळालेली मुभा कुठे संपते ते मुलीला कळलंय हे त्यातून दिसतं. कायद्यातही ही मुभा आहे. रुग्णाची संमती घेणं अशक्य असताना त्याच्या भल्यासाठी सद्‌भावनेनं केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही, हे भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३० आहे.

लगेच दुसरी कळ. “रक्तस्राव नाही. पण गाठ दिसतेय आणि सर्जनला कर्करोगाचा संशय आहे.”

इथं पुष्कळ मुलं घसरतात. कर्करोग हा शब्दच इतका भारी आहे की तो ऐकताच ती “मग काढावं लागेल” म्हणून मोकळी होतात. शांत डोकं असलेली मुलगी विचारते, “मॅडम, आज काढण्यात आणि चार दिवसांनी काढण्यात जिवाच्या दृष्टीनं फरक पडणार आहे का?” मॅडम म्हणतात, नाही. “मग तुकडा तपासणीला पाठवीन, तिला उठवीन, अहवाल आला की सांगीन. आजार गंभीर असणं आणि आजच घाई असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.”

हा भेद नीट समजावा म्हणून कॅनडातले दोन जुने खटले जोडीनं वाचावेत. सर्वोच्च न्यायालयानंही २००८ च्या निकालात त्यांची चर्चा केली आहे. १९३३ च्या ‘मार्शल विरुद्ध करी’ खटल्यात हर्नियाचं ऑपरेशन करताना सर्जनला एक वृषण खराब झालेलं आढळलं आणि त्यानं ते काढलं. रुग्णाच्या जिवाला आणि प्रकृतीला धोका होता, थांबणं शहाणपणाचं नव्हतं, म्हणून न्यायालयानं सर्जनला दोष दिला नाही. १९४९ च्या ‘मरे विरुद्ध मॅकमर्ची’ खटल्यात सिझेरियन करताना डॉक्टरांना गर्भाशयात गाठी दिसल्या. पुढचं गरोदरपण धोक्याचं ठरेल म्हणून त्यांनी बीजवाहिन्या बांधून टाकल्या. धोका खरा असेल, पण तो पुढच्या गरोदरपणाचा होता. त्या दिवशी काहीही अडलेलं नव्हतं. पोट उघडलेलंच आहे तर उरकून घेणं सोयीचं होतं, आवश्यक नव्हतं, असं म्हणत न्यायालयानं डॉक्टरांना जबाबदार धरलं. दोन्ही ठिकाणी रुग्ण भुलीखाली होता आणि दोन्ही डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता. निकाल वेगळे लागले ते आवश्यक आणि सोयीचं यांतल्या अंतरामुळे. ही जोडी ज्याला सांगता येते त्याला “कोर्टानं उलटा निकाल दिला असता तर?” या प्रश्नाची भीती उरत नाही, कारण तो निकालाचा आधार घेत नसतो, निकालामागच्या कारणाचा घेत असतो.

तिसरी कळ सर्वांत कठीण. “ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई स्पष्ट म्हणाली होती, काहीही झालं तरी माझं गर्भाशय काढू नका. आणि आता रक्तस्राव थांबत नाही.”

आणीबाणीची मुभा या गृहीतावर उभी असते की रुग्णाचं मत विचारता येत नाही. इथं मत ठाऊक आहे. त्यामुळे “जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य” हे वाक्य पुरत नाही. मुलीनं इथं दोन पायऱ्यांत बोलावं. आधी चौकशी: “काहीही झालं तरी” म्हणताना आपण मरूही शकतो हे तिला कळलं होतं का, तिला तसं कुणी सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर तो नकार पूर्ण माहितीवरचा नाही आणि जीव वाचवण्याच्या बाजूनं झुकायला जागा आहे. सांगितलं असेल, ते नोंदवलेलं असेल आणि ती ठाम असेल, तर सज्ञान माणसाचा नकार मानावा लागतो, मग तो आपल्याला कितीही न पटो. आणि तिसरं, जे या प्रश्नात कुणी विचारत नाही पण सांगावं: या अटीवर ऑपरेशन करणं जमणार नसेल तर सर्जननं ते आदल्या दिवशीच सांगायचं असतं, टेबलावर नाही.

या उत्तरावर मॅडमचा चेहरा गंभीर होईल. “म्हणजे तू तिला मरू देशील?” हा प्रश्न मुद्दाम टोचून विचारलेला असतो. त्यात नवं तथ्य नाही, नवं कारणही नाही, फक्त शब्द धारदार आहेत. इथं भूमिका बदलण्याचं कारण नाही.

चेहऱ्यावरून उत्तर बदलायचं नाही

व्हायवात शांत राहण्याचा प्रश्न खरं तर इथंच येतो, आणि त्याचा संबंध श्वासापेक्षा एका ओळखीशी जास्त आहे. परीक्षकाचा प्रत्येक प्रश्न हा त्याचा विरोध नसतो. उत्तर अगदी बरोबर असलं तरी तो उलट बाजू लढवतो, कारण मुलाला ती बाजू माहीत आहे का हे त्याला बघायचं असतं. “असं?” एवढं म्हणून थांबणारे परीक्षक असतात, त्या थांबण्यात काहीही लपलेलं नसतं. ज्या मुलांना हे उमगत नाही ती भुवई उंचावली की भूमिका सोडतात, आणि पुढचा प्रश्न आला की परत पहिल्या भूमिकेवर येतात. दोन्ही उत्तरं वेगवेगळी ऐकली तर चांगली असतात. एकामागोमाग ऐकली की मुलाला काहीच वाटत नाही हे उघडं पडतं.

म्हणून प्रत्येक उलट प्रश्न आला की मनात एकच विचारायचं: यात नवं तथ्य आहे, नवं कारण आहे, की नुसता दाब आहे? तथ्य नवं असेल तर उत्तर नव्यानं तपासायचं. कारण नवं असेल तर ते तोलायचं आणि पटलं तर तसं म्हणायचं. नुसता दाब असेल तर तेच उत्तर, त्याच आवाजात, शक्य तर कमी शब्दांत.

भूमिका बदलणं हा गुन्हा नाही, पण बदल बोलून दाखवावा लागतो. “मी आधी सरसकट म्हटलं होतं, तुम्ही सांगितलेल्या प्रकारात ते लागू पडत नाही, कारण तिचं मत आधीच माहीत आहे.” असं म्हणणारी मुलगी मागे हटत नसते, तर स्वतःच्या भूमिकेची सीमा आखत असते. आणि मान्य करण्यासारखं असेल ते मोकळेपणानं मान्य करावं. “पुन्हा भूल देण्याचा त्रास आणि खर्च खरा आहे, मॅडम. गरीब रुग्णाला तो जास्त बसेल. म्हणूनच ही शक्यता तिच्याशी आधी बोलून घ्यायला हवी होती. सोनोग्राफी झाली तेव्हाच तिला विचारता आलं असतं की, आत असं काही आढळलं तर काय करू?” विरुद्ध बाजूचा मुद्दा नाकारला नाही आणि भूमिकाही सोडली नाही. न्यायालयानंही हा मार्ग खुला ठेवला आहे: निदान आणि त्यातून लागू शकणारी विशिष्ट शस्त्रक्रिया या दोन्हींची संमती एकदमच, आधी घेता येते.

नियमच आड आला तर

तयारी करून आलेल्या मुलालाही परीक्षक एका जागी पकडू शकतात. “तू म्हणतेस संमती फक्त रुग्णाची. मग नियमावलीत नवरा-बायकोच्या संमतीचा उल्लेख कसा?”

उल्लेख आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम अजून लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले, पण त्याच महिन्यात ते स्थगित ठेवले. २००२ च्या नियमांतल्या ७.१६ मध्ये शस्त्रक्रियेआधी लेखी संमती घेण्याविषयी सांगताना पती किंवा पत्नी, अज्ञान रुग्णाचे पालक, किंवा खुद्द रुग्ण अशी क्रमवारी येते. शिवाय, जिच्यामुळे वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला पती-पत्नी दोघांचीही संमती हवी असं त्यात म्हटलं आहे. गर्भाशय काढल्यावर मूल होत नाही, हे उघड आहे.

इथं दोन चुका होतात. एक, “असा नियम नाही” असं ठासून सांगणं. दोन, नियम ऐकताच “मग नवऱ्याची सही चालेल” म्हणणं. सरळ उत्तर असं असू शकतं: नियम आहे आणि डॉक्टर म्हणून तो मला बांधतो. दिल्लीच्या प्रकरणातली रुग्ण अविवाहित होती, त्यामुळे तिथं तो प्रश्नच आला नाही. विवाहित रुग्ण असेल तर मी तिच्या परवानगीनं पतीशीही बोलेन आणि त्याची सही घेईन. पण वंध्यत्वाचा तो नियम दोघांची संमती मागतो. पतीची सही पत्नीच्या सहीची जागा घेते असं त्यातून निघत नाही. आजारावरच्या उपचाराला पती नकार देत असेल आणि पत्नीला उपचार हवा असेल, तर माझी नैतिक भूमिका पत्नीच्या बाजूनं आहे, आणि नियमाशी तिचा ताण आहे हे मला माहीत आहे. याच संदर्भात गर्भपाताच्या कायद्याची आठवण उपयोगी पडते. तिथं सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते, पतीची लागत नाही.

या उत्तरात तीन थर वेगळे ठेवले आहेत: घडलं काय, नियम काय म्हणतो, आणि योग्य काय वाटतं. व्हायवातली बरीचशी गडबड हे थर मिसळल्यानं होते. २५ हजारांचा प्रश्न त्याचं चांगलं उदाहरण. न्यायालयानं डॉक्टरांना २५ हजार रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि त्या शस्त्रक्रियेची फी त्यांना नाकारली. “एवढीशी भरपाई, म्हणजे चूक लहानच होती ना?” असं परीक्षक विचारू शकतात. रक्कम ठरताना डॉक्टरांची सद्‌भावना आणि रुग्णाचं हित हे लक्षात घेतलं गेलं, हे कायद्याच्या थरातलं उत्तर झालं. चूक किती मोठी, हे रकमेवरून मोजता येत नाही, हे नैतिक थरातलं. दोन्ही सांगून थांबावं.

शेवटचा प्रश्न: तू काय करशील?

अनुभवी परीक्षक शेवटी सर्जनवरून नजर काढतात आणि विद्यार्थ्यावर आणतात. “तू रेसिडेंट आहेस. सर म्हणाले, बाहेर जा आणि आईची सही घेऊन ये. काय करशील?”

आतापर्यंत स्वायत्ततेवर छान बोललेली मुलं इथं दोन टोकांना जातात. एक म्हणतो, “मी साफ नकार देईन.” ज्यांनी थिएटर पाहिलंय त्या परीक्षकाला यावर विश्वास बसत नाही. दुसरा म्हणतो, “सिनियर सांगतील तसं.” यानं आधीचं सगळं उत्तर पुसलं जातं.

पटणारं उत्तर लहान पावलांचं असतं. “सर, आत्ता तातडी आहे का?” हा पहिला प्रश्न, आदरानं, पण सर्वांसमोर ऐकू येईल असा. तातडी असेल तर आईच्या सहीची वाटच बघायची नाही. काम सुरू करायचं, नोंद करायची आणि आईला कळवायचं. तातडी नसेल तर: “सर, पेशंटनं फक्त लॅपरोस्कोपीला संमती दिलीये. मी आईंना काय आढळलं ते सांगते, पण त्यांची सही चालणार नाही. पेशंट उठल्यावर विचारू या का?” ऐकलं नाही तर भूलतज्ज्ञांना सामील करून घ्यायचं, कारण टेबलावर आवाज असलेली ती दुसरी वरिष्ठ व्यक्ती असते. आणि आईकडे गेलीच, तर तिला खरं सांगायचं. हो म्हणण्यावाचून पर्याय नाही असं भासवायचं नाही.

हे उत्तर पाठ करून येत नाही, म्हणून ते मोठ्यानं बोलून बघावं लागतं. तीन जणांचा गट पुरतो. एक उत्तर देतो, दुसरा फक्त एक-एक तथ्य बदलत जातो, तिसरा काही न बोलता टिपतो की उत्तर कुठे हललं आणि का हललं. पहिलं उत्तर मिनिटभरात, भूमिका आधी आणि कारण नंतर. व्हायवा बहुतेक इंग्रजीतच होत असली तरी एकदा सगळं मराठीत, रुग्णाच्या आईला सांगतोय असं समजून बोलून बघावं. ‘ऑटॉनॉमी’ हा शब्द न वापरता जे सांगता येत नाही ते आपल्याला समजलेलं नसतं, आणि ती आई काही परीक्षक नसते, ती मधेच विचारते, “पण मी आई आहे ना तिची?”

डॉक्टर नसलेल्या वाचकालाही यातला एक प्रश्न उपयोगाचा आहे. संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारावं: “आत आणखी काही आढळलं तर तुम्ही काय कराल, आणि कशासाठी मला उठवून विचाराल?” उत्तर मिळालं की ते त्याच कागदावर लिहून घ्यावं आणि मग सही करावी.